डिलीट केलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट: खरा की रचलेला?

*आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका नेत्याच्या 2016 सालच्या ट्विटर पोस्टचा स्क्रीनशॉट फिरतोय. पाच-सहा ओळी मराठी मजकूर, नावापुढे निळी टिक, खाली 48 हजार लाइक. पाठवणारा म्हणतो, ‘डिलीट करायच्या आत मी सेव्ह केला होता.’ अकाउंटवर शोधलं तर काही सापडत नाही. चित्र बघून खरंखोटं ओळखता येतं का?*

चित्र बघून फार तर खोटेपणा पकडता येतो. खरेपणा कधीच ठरत नाही. तुमचा स्क्रीनशॉट मी पाहिलेला नाही, पण बातम्यांच्या पडताळणीच्या कामात असे स्क्रीनशॉट रोज हातात येतात. तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टींवरूनही बरंच पुढे जाता येईल.

खरेपणा चित्रावरून का ठरत नाही, ते स्वतः करून बघा. कॉम्प्युटरवर कुठलीही एक्सची पोस्ट उघडा, मजकुरावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा आणि उघडलेल्या कोडमधला मजकूर बदला. लाइकचा आकडा बदला, तारीख बदला. पान तेच, फॉन्ट तोच, टिकही कंपनीचीच. बदल फक्त तुमच्या पडद्यावर होतो आणि पान रिफ्रेश केलं की जातो. पण त्याआधी काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एक पिक्सेलही इकडचा तिकडे नसतो. अशा चित्रात मांडणीची चूक शोधत बसणं म्हणजे खऱ्या लेटरहेडवर लिहिलेल्या खोट्या पत्रात लेटरहेडची चूक शोधणं.

सुदैवाने बहुतेक जण एवढे कष्टही घेत नाहीत. नाव, हँडल, मजकूर, लाइक भरले की तयार चित्र देणाऱ्या वेबसाइट आहेत. त्यांचा साचा खऱ्या मांडणीच्या मागे राहतो आणि तिथे लोक सापडतात. उरलेले फोनवरच्या फोटो एडिटरमध्ये जुना मजकूर पुसून नवा चिकटवतात. मराठी मजकूर असेल तर ही मंडळी फार लवकर सापडतात. त्यावर खाली लिहितो.

आधी एक गल्लत दूर करतो. नव्याने या कामात आलेला प्रत्येक जण ती करतो, मीही केली आहे. लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं की ट्विटरवर पूर्वी लाइकच्या जागी चांदणी होती, हृदय 3 नोव्हेंबर 2015ला आलं. मग 2013च्या पोस्टखाली हृदय दिसलं की ‘सापडला!’ म्हणून आरोळी. पण 2013ची अस्सल पोस्ट आज उघडली तर ती आजच्याच वेशात दिसते. हृदय दिसणार, ‘रिपोस्ट’ दिसणार. मांडणीवरून स्क्रीनशॉट कधी काढला ते कळतं, पोस्ट कधी लिहिली ते कळत नाही.

मग मांडणीचा उपयोग काय? पाठवणाऱ्याचा दावा तपासायला. तुमचा माणूस म्हणतो, डिलीट व्हायच्या आत सेव्ह केला. त्याला विचारा, डिलीट कधी झाली? ‘त्याच दिवशी’ असं उत्तर आलं तर स्क्रीनशॉटही 2016चा असायला हवा आणि त्यात 2016चं ट्विटर दिसायला हवं. तेव्हा कॉम्प्युटरवर तारीख `7:42 PM - 8 Nov 2016` अशी, मध्ये आडवी रेघ घेऊन यायची. 2019च्या नव्या मांडणीत ती `7:42 PM · Nov 8, 2016` अशी झाली, मध्ये ठिपका आला. त्याच ओळीत पुढे `Twitter for iPhone` किंवा `Twitter for Android` असं उपकरणाचं नाव दिसायचं, ते डिसेंबर 2022मध्ये गेलं. जुलै 2023मध्ये ट्विटरचं एक्स झालं आणि रिट्विटचं रिपोस्ट. अॅप अपडेट न केलेल्याला जुना शब्द आणखी काही दिवस दिसला असेल, पण उलटं होऊ शकत नाही. 2016 साली काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ‘रिपोस्ट’ येणं शक्य नाही. असं काही दिसलं तर ‘तेव्हाच सेव्ह केला’ हे खोटं, एवढं पक्कं झालं. पोस्ट खोटी आहे हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. ती काल-परवापर्यंत अकाउंटवर असू शकते.

एक सावधगिरी घ्या. तारखेची मांडणी भाषेच्या सेटिंगवरही अवलंबून असते. ब्रिटिश इंग्रजी ठेवलेल्या फोनवर आधी दिवस आणि मग महिना येतो, मराठी ठेवली तर शब्दच मराठी. त्यामुळे ‘माझ्या फोनवर असं दिसत नाही’ हा पुरावा धरू नका. त्याच काळातली, त्याच भाषेतली, त्याच प्रकारच्या उपकरणावरची अस्सल पोस्ट शेजारी ठेवून मगच बोला.

आता दुसऱ्या जातीच्या खुणा. या स्क्रीनशॉटला चिकटलेल्या नसतात, पोस्टला चिकटलेल्या असतात. पोस्ट कधीही उघडा, त्या बदलत नाहीत. सर्वांत भरवशाची म्हणजे लांबी. 7 नोव्हेंबर 2017पर्यंत सर्वसाधारण ट्विटला 140 अक्षरांची मर्यादा होती, त्या दिवशी बहुतेक भाषांसाठी ती 280 झाली. पैसे भरणाऱ्यांना लांबलचक लिहायची मुभा 2023मध्ये मिळाली. मराठीत मोजताना लक्षात ठेवा, ट्विटर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजतं. ‘ट्विटर’ आपल्याला तीन अक्षरी वाटतो, तिथे तो सहा भरतो: ट, हलन्त, व, वेलांटी, ट, र. शब्दांमधली मोकळी जागाही मोजतात. पाच-सहा ओळी मराठी मजकूर 140मध्ये बसणं मला तरी अवघड वाटतं. टाइप करून मोजा. 140च्या वर गेला आणि तारीख खरोखर 2016ची असेल, तर विषय तिथेच संपला.

दुसरी अशी खूण म्हणजे व्ह्यूजचा आकडा. तो डिसेंबर 2022मध्ये आला आणि त्याआधीच्या पोस्टना मागाहूनही लावलेला नाही. 2016च्या पोस्टखाली व्ह्यूज दिसत असतील तर चित्र बनवलेलं आहे. तिसरी, अकाउंट कधी उघडलं ते. प्रोफाइलवर महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं, त्याआधीची पोस्ट असूच शकत नाही. हँडलही तपासा. त्यात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर चालतात आणि एकूण 15च्या वर जाता येत नाही. टिंब, आडवी रेघ किंवा देवनागरी अक्षर असलेलं हँडल ट्विटरवर नसतं. मोठी आय आणि छोटी एल यांची अदलाबदल मात्र डोळ्यांना कळत नाही. म्हणून हँडल वाचू नका, सर्चमध्ये स्वतः टाइप करा आणि उघडणारं अकाउंट तेच आहे का बघा.

हे सगळं एका गाजलेल्या प्रकरणावर लावून दाखवतो. 5 फेब्रुवारी 2018ला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात 1,175 अंकांनी कोसळला. त्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचा, 2015ची तारीख असलेला एक स्क्रीनशॉट जगभर फिरला. त्यातला मजकूर असा, की डाऊ एका दिवसात हजाराहून जास्त अंकांनी पडला तर जो कुणी राष्ट्राध्यक्ष असेल त्याला भल्यामोठ्या तोफेत घालून सूर्याच्या दिशेने उडवावं. `Dow Jones`चं स्पेलिंगही `Dow Joans` असं केलं होतं. ट्रम्प यांची लिहिण्याची धाटणी, मध्येच कॅपिटल अक्षरं, अवतरणचिन्हं, सगळं जुळत होतं. ‘बघा, तेव्हा काय म्हणाले होते’ म्हणून लोकांनी ते हौसेने पुढे ढकललं.

मांडणीवरून इथे काही हाती लागणार नव्हतं. 2015ची पोस्ट 2018मध्ये उघडली तर ती 2018चीच दिसणार. धाटणी तर बनवणाऱ्याने मुद्दामच उचललेली. पण मजकूर मोजला की तो 180 अक्षरांच्या पुढे जातो, आणि फेब्रुवारी 2018 म्हणजे 280ची मर्यादा येऊन जेमतेम तीन महिने झालेले. बनवणाऱ्याने आजची मोकळीक घेऊन कालची तारीख टाकली. 2015 साली ट्विटरने ती पोस्ट स्वीकारलीच नसती. एका ब्रिटिश लेखकाने गंमत म्हणून ते केलं होतं आणि तसं नंतर उघडही झालं.

आता त्याच अकाउंटचं दुसरं प्रकरण घ्या. 31 मे 2017ला, वॉशिंग्टनच्या वेळेनुसार मध्यरात्र उलटल्यावर, ट्रम्प यांच्या अकाउंटवर अर्धवट वाक्य पडलं: `Despite the constant negative press covfefe`. ना शेंडा ना बुडखा, आणि शेवटचा शब्द कुठल्याच शब्दकोशात नाही. सुमारे सहा तासांनी पोस्ट गायब झाली. नुसत्या स्क्रीनशॉटवर निकाल द्यायचा तर हीच खोटी आणि तोफवाली खरी असं कुणीही म्हणालं असतं. पण कोव्हफेफे पूर्ण खरी होती. डिलीट झाल्यावर ट्रम्प यांनी स्वतःच, या शब्दाचा अर्थ कोण लावतं बघू, अशा अर्थाचं दुसरं ट्विट केलं.

या दोन्हीतला फरक चित्रात नाही. पोस्टने मागे काय ठेवलं, त्यात आहे.

खऱ्या पोस्टला एक क्रमांक असतो. लिंकमध्ये `status`च्या पुढे येणारा लांबलचक आकडा म्हणजे तोच. नोव्हेंबर 2010पासून हा क्रमांक वेळेवरून तयार होतो, म्हणजे पोस्ट कुठल्या मिलिसेकंदाला पडली हे त्यातच दडलेलं असतं. कोव्हफेफेचा क्रमांक घेऊन पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एवढं चालवून बघा:

```python
from datetime import datetime, timezone
post_id = 869766994899468288
ms = (post_id >> 22) + 1288834974657
print(datetime.fromtimestamp(ms / 1000, timezone.utc))
```

उत्तर येतं 31 मे 2017, पहाटे 4 वाजून 6 मिनिटं 25 सेकंद, जागतिक प्रमाणवेळेनुसार. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा रात्रीचे 12 वाजून 6 मिनिटं, आपल्याकडे सकाळचे 9 वाजून 36 मिनिटं. पोस्ट डिलीट झाली, अकाउंट बंद पडलं, तरी क्रमांकातली वेळ तशीच राहते. म्हणून कुणी स्क्रीनशॉट पाठवला की मी पहिल्यांदा लिंक मागतो. खरोखर सेव्ह करणाऱ्याकडे बऱ्याचदा ती असते, कारण त्याने ती पोस्ट कुठेतरी पुढे पाठवलेली असते, त्याच्या जुन्या चॅटमध्ये लिंक पडलेली असते. लिंक आली की क्रमांकातली वेळ आणि स्क्रीनशॉटवरची वेळ जुळते का बघायचं. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणल्या की मिनिटापर्यंत जुळल्या पाहिजेत.

लिंकमधल्या हँडलवर मात्र विसंबू नका. एक्स फक्त क्रमांक वाचतं. तिथे कुणाचंही हँडल लिहून लिंक बनवा, ज्याची पोस्ट आहे त्याचीच उघडते. एखाद्या मंत्र्याच्या हँडलची लिंक आणि आत भलत्याच माणसाची पोस्ट, हा खेळ मी बऱ्याचदा पाहिलाय. पोस्ट डिलीट झालेली असेल तर आत काहीच दिसत नाही आणि लोक हँडलवर विश्वास ठेवून मोकळे होतात.

लिंक नसेल तर संग्रहाकडे वळायचं. जुन्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये हे टाका:

```
https://web.archive.org/web/*/https://twitter.com/realDonaldTrump/status/*
```

हँडल अर्थात तुमच्या नेत्याचं. त्या अकाउंटच्या ज्या ज्या पोस्टची प्रत घेतली गेली त्यांची यादी येते. मोठ्या अकाउंटची यादी अवाढव्य असते आणि कधी अर्धवटच उघडते. तेव्हा यादीचा नाद सोडून प्रोफाइलच्या पानाच्या प्रती बघा. स्क्रीनशॉटवरच्या तारखेच्या आसपासची एखादी प्रत उघडली की त्या वेळी अकाउंटवर वरच्या पंधरा-वीस पोस्ट कुठल्या होत्या ते दिसतं. ज्या अकाउंटच्या दिवसातून कित्येक प्रती घेतल्या गेल्या, त्यातल्या एकाही प्रतीत पोस्ट नसेल आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या पोस्ट मात्र जागेवर असतील, तर ते फार वजनदार आहे. ज्याची महिन्यातून एक प्रत आहे त्याच्याबाबतीत ‘सापडलं नाही’ याला काही किंमत नाही. ट्रम्प यांच्यासारख्यांच्या ट्विटचा वेगळा संग्रहच लोकांनी उभा केलाय आणि त्यात डिलीट झालेलीही सापडतात. तो संग्रह सुरू होण्याआधीच जे पुसलं गेलं ते मात्र त्यात नसू शकतं.

शोधताना `twitter.com`, `mobile.twitter.com` आणि अलीकडच्या पोस्टसाठी `x.com` असे तिन्ही पत्ते टाका, प्रती वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. 2023च्या मध्यावर एक्सने लॉगिनशिवाय बघणं बरंच बंद केलं, तेव्हापासूनच्या प्रती बऱ्याचदा कोऱ्या किंवा अर्धवट निघतात. तुमची पोस्ट 2016ची म्हणतायत, म्हणजे तुम्ही नशीबवान. तो काळ चांगला जपला गेलाय.

वेबॅकची प्रत मी मानतो, कारण ते यंत्र पान थेट कंपनीच्या सर्व्हरवरून उचलतं. तुमच्या ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट करून केलेली करामत तिथे पोहोचत नाही. पण वेबॅकच्या पानाचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर तो पुन्हा चित्रच. त्याचाही पत्ता मागायचा आणि स्वतः उघडायचा.

संग्रहातही नसेल तर मी उत्तरं शोधतो. ही युक्ती फार कमी लोक वापरतात. पोस्ट डिलीट झाली तरी तिच्याखाली लोकांनी दिलेली उत्तरं डिलीट होत नाहीत, ती ज्याच्या त्याच्या अकाउंटवर राहतात. एक्सच्या सर्चमध्ये असं टाका:

```
to:realDonaldTrump since:2017-05-30 until:2017-06-02
```

दोन्ही बाजूंना एक दिवस जास्त धरा. `until`चा दिवस धरला जात नाही आणि वेळेच्या फरकाने पोस्ट आदल्या तारखेला पडलेली असू शकते. तुमच्या स्क्रीनशॉटवर 48 हजार लाइक आहेत म्हणता. 2016 साली मराठी राजकीय पोस्टला 48 हजार लाइक म्हणजे गावजेवण! एवढ्या गर्दीत शेकडो लोकांनी उत्तरं दिली असणार, शिव्या घातल्या असणार, विरोधकांनी मजकूर उचलून स्वतःच्या अकाउंटवर टाकला असणार, दुसऱ्या दिवशी एखाद्या वर्तमानपत्राने चौकट केली असणार. मजकुरातले तीन-चार सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून त्या तीन दिवसांपुरते शोधा. 48 हजार लोकांना आवडलेल्या गोष्टीवर त्या आठवड्यात एकही माणूस काही बोललेला नाही, असं झालं तर ती पोस्ट नव्हतीच. लाइकचा आकडा फुगवणाऱ्याला वाटतं आपण पोस्टला वजन दिलं. प्रत्यक्षात त्याने आपल्यासाठी शोधायची जागा वाढवून ठेवलेली असते. बारा लाइकची खोटी पोस्ट पकडणं मला जास्त अवघड जातं.

नव्या पोस्टमध्ये आकड्यांची आपसांतली तुलनाही करून बघा. लाइक व्ह्यूजपेक्षा जास्त असू शकत नाहीत, आणि तरी असे स्क्रीनशॉट येतात, कारण बनवणाऱ्याने तीन रकान्यांत मनाला येतील ते आकडे भरलेले असतात.

आता टिक. पाठवणाऱ्याला ती मोठा पुरावा वाटत असणार, मी मात्र तिच्याकडे सर्वांत शेवटी बघतो. 2009मध्ये निळी टिक आली तेव्हा तिचा अर्थ ‘हा माणूस खरोखर तोच आहे’ असा होता. नोव्हेंबर 2022मध्ये ती महिन्याला आठ डॉलर भरून मिळू लागली आणि 10 नोव्हेंबरला `@EliLillyandCo` नावाच्या अकाउंटने, निळ्या टिकसह, इन्सुलिन आता मोफत असं जाहीर केलं. एली लिली या औषध कंपनीचं खरं अकाउंट होतं `@LillyPad`. कंपनीला तिथून खुलासा करावा लागला. लक्षात घ्या, त्या पोस्टचा स्क्रीनशॉट अस्सल होता. पोस्ट खरी पडली होती, टिकही खरी होती. माणूस खोटा होता. हे प्रकरण मांडणी तपासून कुणालाच पकडता आलं नसतं, हँडल पडताळूनच कळलं असतं.

त्यानंतर डिसेंबर 2022मध्ये कंपन्यांना सोनेरी आणि सरकारी अकाउंटना करडी टिक आली, आणि 20 एप्रिल 2023ला जुन्या फुकटच्या निळ्या टिक काढून घेतल्या. अमिताभ बच्चन यांनी पैसे भरूनही टिक परत येत नाही म्हणून तेव्हा गमतीदार तक्रार केली होती, ती आठवत असेल. स्क्रीनशॉट तपासताना याचा उपयोग असा, की टिकचा रंगही पोस्टच्या काळाचा नसतो, स्क्रीनशॉटच्या काळाचा असतो. 2016च्या पोस्टला 2024च्या स्क्रीनशॉटमध्ये 2024चीच टिक दिसणार. सोनेरी टिकच्या अकाउंटचं चित्र चौकोनी असतं, गोल नाही. एखाद्या वृत्तवाहिनीचा लोगो गोल आणि टिक सोनेरी दिसली तर मी लगेच भुवया उंचावतो. तयार साच्यांना हा बारकावा बऱ्याचदा माहीत नसतो.

मराठीचं वर म्हटलं होतं. स्क्रीनशॉट मोठा करून जोडाक्षरं बघा. देवनागरी नीट न जमणाऱ्या एडिटरमध्ये मजकूर टाकला की ‘प्र’चा ‘प् र’ होतो, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी मागे लटकते. फोनवर खऱ्या पोस्टमध्ये असं होत नाही. दुसरं म्हणजे अक्षराचा तोंडवळा. अँड्रॉइडवर देवनागरी सहसा साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरात दिसते. मजकूर लग्नपत्रिकेत किंवा फ्लेक्सवर शोभेल अशा वळणदार डीटीपी फॉन्टमध्ये असेल आणि हँडल मात्र नेहमीच्या फॉन्टमध्ये, तर मजकूर वरून चिकटवलाय. ओळींची डावी कड आणि नावाची डावी कड एका रेषेत आहे का, तेही बघा. पुसून चिकटवणाऱ्याच्या हातून ती हमखास दोन-चार पिक्सेल सरकते.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतली आतली माहिती, म्हणजे मूळ तारीख, फोन वगैरे, निघून गेलेली असते. त्यात वेळ घालवू नका. फोटोतली छेडछाड रंग उजळून दाखवणारी साधनंही स्क्रीनशॉटवर बेभरवशाची. दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या चित्राचा कोपरा न् कोपरा त्यांना संशयास्पद वाटतो.

शेवटी माझी एक चूक सांगतो, कारण तुम्हीही तिथेच घसराल. काही वर्षांपूर्वी एक स्क्रीनशॉट आला. त्यावर तारीख एक, आणि वेबॅकच्या प्रतीत तीच पोस्ट आदल्या दिवसाच्या तारखेने. मी ‘तारीख बदललेली आहे’ असं लिहून मोकळा झालो. संध्याकाळी एका सहकाऱ्याने विचारलं, वेळ कुठली धरलीस? लॉगिन नसलेल्याला ट्विटर तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ दाखवायचं, आणि वेबॅक तर लॉगिन न करताच प्रत घेतं. कोव्हफेफेच घ्या. आपल्याकडे ती 31 मेच्या सकाळी साडेनऊची, कॅलिफोर्नियात 30 मेच्या रात्री नऊ वाजून गेल्यावरची. दोन्ही तारखा खऱ्या. मी दुरुस्ती छापली आणि तेव्हापासून प्रत्येक वेळ आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलून कागदावर लिहितो, मगच तुलना करतो.

म्हणून ग्रुपवर लिहिताना शब्द जपून वापरा. मजकूर 140च्या वर गेला, किंवा 2016च्या पोस्टखाली व्ह्यूज दिसले, तर बिनधास्त ‘बनावट’ म्हणा आणि कारण सांगा. संग्रहात नाही, उत्तरं नाहीत, बातमी नाही, पण चित्रात अशक्य असं काही नाही, तर ‘ही पोस्ट अस्तित्वात होती याचा माग सापडत नाही’ असं लिहा. आणि पाठवणाऱ्याकडे लिंक मागा, सगळ्यांसमोर, नीट शब्दांत. 2016 साली ज्याने सेव्ह केला त्याच्याकडे त्याच्या फोनमधली मूळ फाइल तरी असेल, आणि फॉरवर्ड झालेली नसल्यामुळे तिच्यावर फाइलची तारीखही असेल.

मोजून 140च्या किती वर गेला ते इथे कळवा.